घासणारे फाटक

शिरूर-दौंडकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उथळ रोवलेला खांब कलतो आणि गोदामाचे फाटक जमिनीला घासू लागते. कडीही कोयंड्यात बसत नाही. मग कोयंड्याचे भोक वाढविले जाते; पण त्याने मूळ दोष जात नाही.

प्रथम फाटकाचे मोकळे टोक हाताने उचलून पाहावे. बिजागरीत हालचाल दिसली तर पिन झिजली आहे, ती बदलावी. हालचाल नसेल तर खांबाला ओळंबा लावावा. समजा, फाटक चार फूट रुंद आहे आणि बिजागऱ्यांत तीन फूट अंतर आहे. खालच्या बिजागरीच्या मानाने वरची तीन सूत पुढे झुकली, की मोकळे टोक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, खाली येते. आटे पाडलेली बिजागरी असल्यास वरचा नट आवळून तेवढेच तीन सूत मागे घ्यावेत. खालच्या बिजागरीत वॉशर घातल्यास फाटक उचलले जाते, पण तिरकेच राहते.

पुढच्या पावसाळ्यात ओळंबा पुन्हा सरकला, तर खांब काढून मुरूम लागेपर्यंत खणावे आणि पाया काँक्रीटमध्ये भरावा.