पिवळा पोर्ट कोणी बुजवला?

इतिहासाच्या धाग्यांमध्ये हल्ली एक चित्र वारंवार फिरते. डावीकडे पिवळी-पांढरी-लाल वायर, उजवीकडे एचडीएमआय आणि मध्ये प्रगतीचा एक ठसठशीत बाण. माझा आक्षेप त्या बाणाला आहे. तंत्र सुधारले म्हणून जुने पोर्ट गळून पडले, हे अर्धसत्य आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुठल्याही राजकीय तहाइतकाच रोचक आहे. टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि वाचा.

सर्वांत वडीलधारा पोर्ट म्हणजे मधोमध भोक असलेली धातूची गोल नळी, अँटेनाची. आपल्याकडे रूढ असलेला तिचा आकार बेलिंग अँड ली या इंग्लिश कंपनीचा, १९२० च्या दशकातला; म्हणजे नियमित टीव्ही प्रसारणाहूनही जुना. येथे चित्र आणि ध्वनी रेडिओलहरींवर बसून येतात आणि त्यांतून वाहिनी वेचण्याचे काम टीव्ही स्वतः करतो. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाची वायर येथेच पोहोचत होती. पुढे केबलवाल्याचीही येथेच आली. २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, वायर त्या पेटीत गेली आणि ही नळी बहुतेक घरांत रिकामी पडली. आजही कोणी छतावरच्या डिशची वायर थेट येथे खोचून वाहिन्या शोधत बसते. उपग्रहाचा ट्यूनर आत नसेल तर काहीही सापडणार नाही; ती वायर पेटीसाठी आहे.

आता तो बदनाम पिवळा पोर्ट. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज, लाल्यातून उजव्या बाजूचा. पिवळ्याला कमअस्सल ठरवणाऱ्यांनी १९५३ सालची अमेरिका आठवावी. तेथे रंगीत प्रसारणाला मान्यता मिळाली ती एका अटीवर: लोकांच्या घरातले कृष्णधवल संच निरुपयोगी ठरता कामा नयेत. म्हणून अभियंत्यांनी उजेड-अंधाराचा मूळ संकेत तसाच ठेवला आणि रंगांची माहिती त्याच जागेत दाटीवाटीने बसवली. जुना संच रंगाकडे दुर्लक्ष करी, नवा तो वेगळा काढी. पुढे युरोपात जर्मनीच्या वाल्टर ब्रुखने बेतलेली आणि भारताने स्वीकारलेली पाल पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. पिवळ्या वायरीतून हा एकत्र संकेतच वाहतो. बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुषी लाटा सरकताना दिसतात, त्या रंग आणि उजेड पुरते वेगळे न झाल्याची खूण होत. हा दोष खरा आहे. परंतु ती किंमत जुन्या ग्राहकाला वाऱ्यावर न सोडण्यासाठी मोजलेली होती.

याचा पुरावा हातानेच घेता येतो. ज्या टीव्हीवर हिरवा-निळा-लाल असा कॉम्पोनंट संच आहे, त्याच्या हिरव्या पोर्टात पिवळी वायर लावा आणि इनपुट कॉम्पोनंट निवडा. चित्र दिसेल, पण कृष्णधवल! कारण हिरवा पोर्ट फक्त उजेडाचा संकेत वाचतो; निळा आणि लाल हे रंगातील फरक आणतात. (घोळ होतो तो दोन लाल पोर्टांचा: एक चित्राचा, दुसरा आवाजाचा. निळ्याच्या शेजारचा चित्राचा, पांढऱ्याच्या शेजारचा आवाजाचा.)

या कॉम्पोनंटपाशीच प्रगतीचा बाण मोडतो. या तीन वायरी १०८० ओळींचे हाय-डेफिनिशन चित्र सहज वाहून नेत. तरीही त्या गेल्या, कारण त्यांतून जाणारे चित्र कुलूपबंद करता येत नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला आणि नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे कायदेशीर ठरवले. न्यायालयात हरलेली ही लढाई चित्रपटसृष्टीने पुढे परवान्यांच्या करारांत जिंकली, असे माझे मत आहे. २००२ च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयसोबत इंटेलने घडवलेली एचडीसीपी ही कुलूपव्यवस्था नांदू लागली. प्लेअर आधी टीव्हीची ओळख तपासतो. ओळख पटली तरच चित्रपट सोडतो.

पुरावा ब्लू-रेच्या परवान्यात आहे. २०१० नंतर बनवलेल्या प्लेअरने संरक्षित चित्रपट ॲनालॉग पोर्टांतून केवळ जुन्या टीव्हीच्या दर्जाचा, म्हणजे ४८० किंवा ५७६ ओळींचा द्यावा. २०१३ नंतर मुळीच देऊ नये. तीच तबकडी, तोच टीव्ही, त्याच तीन वायरी घ्या. २००९ चा प्लेअर १०८० ओळी देऊ शकत असे, २०११ चा ५७६ वर थांबे. तांब्याच्या तारेत या दोन वर्षांत कोणता बिघाड झाला होता? आणि गंमत अशी की सप्टेंबर २०१० मध्येच एचडीसीपीची मूळ किल्ली इंटरनेटवर फुटली; ती खरी असल्याचे इंटेलनेही मान्य केले. चोराला किल्ली मिळाली, कुलूप मात्र पैसे मोजणाऱ्याच्या दारावर राहिले.

एचडीएमआय चांगला नाही, असे मी म्हणत नाही. एका वायरीत चित्र आणि आवाज, तेही अंकीय स्वरूपात, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे बिघाड ओळखताना त्याची कुळकथा उपयोगी पडते. प्लेअरचा मेनू दिसतो आणि चित्रपट लावताच पडदा काळा होतो, तेव्हा त्याच वायरीतून स्वतः मोबाइलवर टिपलेला व्हिडिओ लावून पाहा. तो दिसला, तर वायर बहुधा निर्दोष आहे. ओळखपरेड फसली आहे. आरंभीच्या काही ४के टीव्हींत एकसारख्या दिसणाऱ्या पोर्टांपैकी एखाद्यातच एचडीसीपीची नवी आवृत्ती असे; इतरांत ४के चित्रपट येत नसे. म्हणून पोर्ट बदलून पाहणे हा पहिला उपाय.

त्यांतल्या एका एचडीएमआयवर एआरसी असे लिहिलेले असते. २००९ पासूनच्या या सोयीत आवाज उलटा, टीव्हीतून साउंडबारकडे जातो. साउंडबार शेजारच्या पोर्टात लावला तर टीव्हीचा आवाज त्यातून येणार नाही. ते जमत नसेल तर चौकोनी झडपेआड लाल प्रकाश दाखवणारा ऑप्टिकल पोर्ट आहेच. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेला आणि फक्त आवाज नेणारा.

उरलेल्यांची ओळख थोडक्यात. पंधरा भोकांचा निळा व्हीजीए संगणकाच्या चित्रासाठी, १९८७ च्या आयबीएमचा वारसा. लॅन इंटरनेटच्या वायरीसाठी. यूएसबी पेनड्राइव्हसाठी, मोठी हार्ड डिस्क तेथे अडखळते ती बहुधा वीज अपुरी पडल्याने. आणि हेडफोनसारखे दिसणारे, पण एव्ही लिहिलेले बारीक भोक म्हणजे आक्रसलेला पिवळा-पांढरा-लाल. त्याला टीव्हीसोबत आलेलीच जोडवायर लावा. बाजारातल्या वायरींत आतील जोडणीचा क्रम वेगळा निघू शकतो आणि मग चित्राऐवजी गुरगुर ऐकू येते.

नव्या टीव्हींमधून हे भोकही नाहीसे होते आहे. लग्नाच्या, नाटकांच्या, गावोगावी घेतलेल्या मुलाखतींच्या व्हीएचएस फिती अजून कपाटांत आहेत आणि त्या वाजवणाऱ्या यंत्रांना सहसा पिवळी वायरच असते. १९५३ मध्ये जुन्या संचांसाठी जी अट घातली गेली, तशी अट या फितींसाठी कोणी घातली नाही.