सहा चौकोन आणि एक मामा

भाऊबीजेला उमापूरला बहिणीकडे गेलो होतो. गेवराई तालुक्यातले हे गाव. फराळाचे ताट पुढे आले आणि त्यामागोमाग भाचीचे शिष्यवृत्तीचे पुस्तक! भाची पाचवीत. "मामा, यातली कोणती घडणी दुमडून ठोकळा होणार नाही?"

मी मराठीचा प्राध्यापक. पण भाचीपुढे माघार कशी घ्यावी?

पहिली आकृती सोपी होती. क, ख, ग, घ असे चार चौकोन ओळीने. क च्या डोक्यावर च, ग च्या पायाशी छ. चार चौकोन गुंडाळले की चार भिंती झाल्या. ओळीत एक सोडून पुढचा तो समोरचा, म्हणून क समोर ग आणि ख समोर घ. उरले च आणि छ. एक छत, दुसरी जमीन. हे दोन चौकोन ओळीतल्या कोणत्याही घराला चिकटवा, ठोकळा होतोच. मात्र एक वर हवा, एक खाली. दोन्ही वरच असले की छतावर छत बसते आणि खालचे तोंड उघडे राहते. इथवर मामांची अब्रू शाबूत होती.

पुढची आकृती जिन्यासारखी. वर 1, 2, 3; मग 3 च्या खाली 4 आणि त्याच्या उजवीकडे 5, 6. चाराची ओळच नाही! मी ठणकावून सांगितले, "ही होणार नाही."

भाचीने वाद घातला नाही. जुनी लग्नपत्रिका आणली, तेवढे सहा चौकोन कापले आणि दुमडले. ठोकळा तयार! (पत्रिका माझ्याच लग्नाची होती, हे नंतर कळले.) 1 समोर 3 आले, 4 समोर 6, आणि उरलेले 2 व 5 समोरासमोर.

मग आम्ही दोघेही कात्री घेऊन बसलो. सलग पाच चौकोन घेतले, तर पाचवा फिरून पहिल्यावर चढला. दोनावर दोन असे चार चौकोन एकत्र आले, तर ते दुमडेचनात. कारण उघड आहे. ठोकळ्याच्या कोपऱ्यात तीनच चौकोन भेटतात. चार जमले की त्या बिंदूभोवतीची जागा पुरी भरते आणि कागद सपाटच राहतो. असा गठ्ठा दिसला की ती आकृती न दुमडता बाद करावी.

सहा चौकोन कडेला कड लावून मांडण्याच्या तऱ्हा 35 आहेत, फिरवून वा उलटवून तीच येणारी पुन्हा न मोजता. त्यांतल्या 11 चाच ठोकळा होतो. चाराच्या ओळीच्या सहा, तिनाच्या ओळीला दोन आणि एक जोडलेल्या तीन, दोन-दोनांच्या पायऱ्यांची एक, आणि मला फसवणारी ती तीन-तीनांची एक.

रात्री निजताना भाची म्हणाली, "मामा, दहा सापडल्या."

अकरावी चकलीच्या डब्याखाली निघाली, तेलाने माखलेली.