‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

बिलाच्या तळाशी ही ओळ छापलेली असते आणि ती वाचून आपण मुकाट घरी येतो. आपल्या भागातल्या समाजमंदिरात ग्राहक हक्कांवर बोलायला आलेल्या वकीलबाईंनी नेमकी हीच ओळ पकडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : दुकानदाराने छापलं म्हणून तो कायदा होत नाही.

त्यांनी उदाहरण दिलं बुटांचं. समजा, तुम्ही १,२०० रुपयांचे बूट घेतले आणि आठव्या दिवशी सोल उखडला. दुकानदार त्या ओळीवर बोट ठेवतो. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो, की सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. परतीची मुदत बिलावर दिली असेल तर ती, आणि दिलीच नसेल तर ३० दिवस धरायचे.

इथेच अनेकांची गल्लत होते. हा हक्क ‘सदोष’ वस्तूपुरता आहे. रंग आवडला नाही, मित्राकडे तसाच जोड निघाला, घरी आल्यावर मन बदललं, तर बदलून देणं ही दुकानदाराची मर्जी. तिथे कायद्याचा धाक दाखवून उपयोग नाही.

मग करायचं काय? सोल उखडला त्याच दिवशी फोटो काढा आणि बूट घालणं थांबवा. नाहीतर ‘तुम्हीच वाट लावली’ हे उत्तर तयार असतं. दुकानात नुसतं भांडू नका, मेसेज किंवा ईमेल करून लेखी मागणी करा. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मात्र हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही. निकाल हवा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. शिवाय तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे बूट पुण्यात घेतले आणि घर साताऱ्यात असेल, तरी साताऱ्यात तक्रार चालते.

१,२०० रुपयांसाठी आयोगाच्या तारखा कोण करणार, हा प्रश्न खोटा नाही. निकालाला वेळ लागतो. म्हणूनच लेखी मागणी महत्त्वाची. पुढची पायरी ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाशी बरेच दुकानदार आधीच मिटवून घेतात.

पण या सगळ्याचा पाया एकच आहे, बिल. ‘बिल नको असेल तर शंभर कमी करतो’ असं दुकानदार म्हणतो, तेव्हा तो सवलत देत नसतो. शंभर रुपयांत तो तुमचा पुरावा विकत घेत असतो.