रील सहा हजारांची, गाणं फुकटात?

मंडळी, दसरा-दिवाळी जवळ आली की वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत प्रत्येक दुकानदाराला रील पाहिजे असते. आपली पोरं मस्त एडिट करून देतात. बिल असतं कॅमेऱ्याचं, ड्रोनचं आणि एडिटिंगचं. गाण्याचा रकाना मात्र कुणाच्याच बिलात नसतो.

"लग्नात वाजतंय की, मग दुकानाच्या व्हिडिओला काय होतंय?" हा ठरलेला प्रश्न. होतं बाबांनो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे ती धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवायला. साड्यांच्या सेलची जाहिरात म्हणजे वरात नव्हे. अन् "तीस सेकंदांपर्यंत चालतं" असा नियम कायद्यात कुठंच नाही, कितीही छातीठोकपणे सांगितला तरी.

समजा, कापड दुकानाची 6,000 रुपयांची रील आहे आणि मालकाला 'सैराट'चंच गाणं हवंय. इन्स्टाग्रामवर वैयक्तिक खात्यात ते गाणं निवडता येतं, म्हणून पोरगं स्वतःच्या खात्यावरून टाकतं आणि दुकानाला टॅग करतं. पण तिथली गाणी लोकांनी हौसेनं वापरावीत म्हणून आहेत, धंद्याच्या जाहिरातीसाठी नाहीत. धंद्याच्या खात्याला म्हणूनच कमी गाणी दिसतात आणि असं गाणं असलेली रील पैसे देऊन बूस्ट करायला गेलं की ती अडते. हीच पहिली खूण समजा. मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. 2025 मध्ये सोनी म्युझिकने मिंत्रावर मुंबई उच्च न्यायालयात दावा केला, आरोप हाच की प्रचाराच्या व्हिडिओंत गाणी विनापरवाना वापरली.

मग करायचं काय? मेटाच्या साऊंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, ते फेसबुक-इन्स्टावर चालतं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर किंवा चौकातल्या एलईडी स्क्रीनवर जाणार असेल तर पैसे देऊन स्टॉक संगीत घ्या, आणि परवान्यात गिऱ्हाईकाचं काम व जाहिरात दोन्ही बसतात का ते वाचा. परवान्याची प्रत बिलासोबत मालकाला द्या. उद्या क्लेम आला तर तोच कागद दाखवायचा असतो.

फॉन्टचं सोपं आहे. गूगल फॉन्ट्सवरचा मुक्ता किंवा बालू उतरवला की सोबत OFL.txt येते, म्हणजे धंद्यालाही मोकळा. पेनड्राइव्हवरून आलेल्या फॉन्टसोबत Personal Use Only लिहिलेलं असेल तर तो दुकानाच्या पाटीला नको. पेक्सेल्सचं फुटेज फुकट चालतं, पण त्यातली हसरी बाई "मी इथूनच साडी घेते" म्हणतेय असं दाखवता येत नाही.

माझं म्हणणं, कोटेशनमध्येच "संगीत परवाना" अशी वेगळी ओळ टाका. मालक म्हणेल, हे कशाला? तर त्याला सांगा, जाहिरात तुमच्या नावानं आहे, नोटीस माझ्यासोबत तुम्हालाही येऊ शकते. तरीही 'सैराट'च पाहिजे म्हणाला, तर झी म्युझिकची लेखी परवानगी आणायचं काम त्याच्यावर सोडा आणि तोवर एडिटिंगला हात लावू नका.