डॉल्फिनला मासा म्हणू नका

भिवंडीच्या बाजारात टोपलीत मांडलेली मुशी म्हणजे लहान शार्क. ती आणि कोकण किनाऱ्यावर उसळी मारणारा डॉल्फिन एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. दोन्ही टोकांना निमुळते अंग, पाठीवर पर, बाजूंना वल्ह्यांसारखे पर. म्हणून डॉल्फिनला सर्रास 'मासा' म्हटले जाते. ही चूक शब्दापुरती राहत नाही, ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

हे साम्य नात्यातून आलेले नाही, ते पाण्याने घडवलेले आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असते. त्यात वेगाने पोहायचे तर अंग असेच लागते. ज्यांचे अंग पाण्याला कमी अडे, ते तगले आणि त्यांचीच पिल्ले वाढली. दोन वेगळ्या वंशांत हे स्वतंत्रपणे घडले. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

मूळ वेगळे असल्याची खूण शेपटीत सापडते. मुशीची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण त्याचे पूर्वज जमिनीवरचे चौपाये होते. धावणाऱ्या मांजराचा कणाही असाच वर-खाली वाकतो. या वंशाचा जवळचा नातलग 'इंडोहायस' हा जेमतेम मांजराएवढा खुरवाला प्राणी होता. त्याचे सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे मिळाले. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशांसारखी असल्याचे 2007 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

संध्याकाळी आभाळातून जाणाऱ्या वटवाघळाचेही तेच. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या चार बोटांवर ताणलेली कातडी. पक्ष्याची बोटे मात्र आखडून एकमेकांत जुळलेली असतात, आणि उडण्याचे काम पिसे करतात. दंडाचे एक आणि कोपराखालची दोन हाडे दोघांनाही आहेत. ती एका फार जुन्या चौपाया पूर्वजाचा वारसा आहेत, पण त्या हाताचा पंख दोघांनी आपापला केला.

म्हणून शाळेत प्राणी ओळखायला शिकवताना 'दिसतो कसा' याआधी 'श्वास कशाने घेतो' हे विचारायला हवे. मुशी कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेते. डॉल्फिनला फुप्फुसे आहेत, त्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर तो पाण्यातच गुदमरतो. किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनला मासा समजून लोक डोक्यावर पाणी ओततात, शेपटी धरून ओढतात. त्याची कातडी ओल्या फडक्याने भिजती ठेवावी, पण डोक्यावरच्या श्वसनछिद्रात पाणी जाऊ देऊ नये आणि वनविभागाला तातडीने कळवावे. त्याला मासा मानणाऱ्याच्या हे लक्षातच येणार नाही.