सुरीच्या आधी सुई, सुईच्या आधी सोनोग्राफी

अमरावती-अकोल्याकडच्या गावांत बायांच्या बैठकीला बसलं, की गर्भाशयाच्या पिशवीच्या गोष्टी निघतात आणि आता त्यांच्या जोडीने गळ्याच्या गाठीच्याही निघतात. पिशवीच्या बाबतीत काय झालं ते आपण पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. 'पुढे कॅन्सर होईल' एवढं एक वाक्य बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन झोपवायला पुरेसं ठरत होतं. तेच वाक्य आता गळ्याच्या गाठीसाठी ऐकू येतं, म्हणून हा लेख लिहिते आहे.

गळ्याच्या गाठीत बाईवर दोन प्रकारे अन्याय होतो. आधी कितीतरी वर्षं कोणी गाठीकडे बघतच नाही. बाई पदर ओढून घेते, मुलगी लग्नाची असेल तर आईच ओढणी नीट करायला सांगते. "दुखत नाही ना, मंग कायले दाखवाचं?" असं घरात म्हणतात. मग एक दिवस कोणीतरी गाठ बघतं आणि एकदम घाई सुरू होते. मधल्या पायऱ्या कोणी चढतच नाही. त्या पायऱ्या कोणत्या, त्यांचा क्रम काय आणि कागदावर काय लिहिलेलं असतं, हे बाईला कळलं तर दुर्लक्षालाही उत्तर मिळतं आणि घाईलाही.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनळीला चिकटून असलेली ग्रंथी. आवंढा गिळला की ती वर सरकते, म्हणून तिच्यातली गाठही गिळताना वर सरकते. सगळी ग्रंथीच सुजली तर त्याला गलगंड म्हणतात; एका जागी गोळा झाला तर ती गाठ. गलगंडातही अनेक गाठी असू शकतात. पुरुषांपेक्षा बायांमध्ये हे सगळं कितीतरी जास्त आढळतं. पण शंभर गाठी तपासल्या तर त्यातल्या नव्वदच्या आसपास कॅन्सरच्या नसतात. हा आकडा बाईला पहिल्याच भेटीत सांगायला हवा, आणि नेमका तोच सांगितला जात नाही.

आपल्या खारपाणपट्ट्यात एक समज आहे, की पाणी खारं म्हणून गाठ होते. काही जणी उलट म्हणतात, की खाऱ्या पाण्यातून आयोडीन मिळतं म्हणून आपल्याला धोका नाही. पाण्याच्या चवीवरून आयोडीन कळत नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टींवर विसंबता येत नाही. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर १९९८ साली बंदी आली, २००० साली ती उठली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. आयोडीनचं मीठ घरात हवंच. मात्र झालेली गाठ मीठ बदलून विरघळत नाही, आणि 'मिठाची गाठ आहे' म्हणून तपासणी टाळायचंही कारण नाही.

आता एका बाईची गोष्ट सांगते. दर्यापूर तालुक्यातली, चाळिशीची, निंदण-वेचणीला जाणारी. गाठ उजव्या बाजूला, लिंबाएवढी. गावाजवळच्या डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी लिहून दिली आणि वर्षभर ती चालू ठेवली. गाठ होती तशीच राहिली. मग शहरातल्या एका डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, "सगळी ग्रंथी काढून टाकू, उगाच धोका नको." नवऱ्याने तारीखही घेतली. तिला विचारलं कोणीच नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती, एकही सोनोग्राफीचा कागद नव्हता.

पहिली पायरी रक्ताची: टीएसएच. ही तपासणी ग्रंथी कमी काम करते की जास्त, एवढंच सांगते. गाठ कॅन्सरची आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. टीएसएच फार कमी आलं तर गाठच जास्त संप्रेरक बनवते आहे का, हे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्ये पाहतात. तशी 'गरम' गाठ क्वचितच कॅन्सरची निघते आणि तिच्यात बहुधा सुई घालावी लागत नाही. हा स्कॅन गरोदरपणात करत नाहीत. या बाईचं टीएसएच नॉर्मल होतं. म्हणजे वर्षभराची गोळी तिला लागतच नव्हती. गाठ विरघळवण्यासाठी ही गोळी देण्याची जुनी पद्धत आता मार्गदर्शक तत्त्वांत नको म्हणून सांगितली आहे. गोळीचा डोस जास्त झाला तर छातीत धडधड होते आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात.

दुसरी पायरी गळ्याची सोनोग्राफी. हाताला लागणारी प्रत्येक गाठ सोनोग्राफीत बघायला हवी. पोटाच्या सोनोग्राफीचा वाकडा प्रोब इथे उपयोगाचा नाही. गळ्यासाठी सपाट, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो. डॉक्टरांनी गाठीचं माप घ्यायचं, तिचं रूप लिहायचं आणि गळ्याच्या बाजूच्या लसिकाग्रंथीही बघायच्या. नुसतं पाणी भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ बहुतेक निर्धोक. संशय केव्हा घ्यायचा? गाठ घट्ट आणि आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळी दिसते, तिची कड वेडीवाकडी आहे, ती रुंदीपेक्षा उंचीला जास्त आहे, किंवा तिच्यात बारीक पांढरे ठिपके आहेत, तेव्हा. या खुणांना गुण देऊन टायरॅड्स नावाच्या पाच श्रेणी करतात आणि श्रेणी व आकार मिळून सुईचा निर्णय होतो. पहिल्या दोन श्रेणींत सुई लागत नाही. तिसरीत गाठ अडीच सेंटीमीटर किंवा मोठी असेल तर, चौथीत दीड आणि पाचवीत एक सेंटीमीटरपासून सुई सांगतात. म्हणून एकीची तीन सेंटीमीटरची पाण्याची गाठ सोडून देता येते आणि दुसरीच्या सव्वा सेंटीमीटरच्या गाठीत सुई घालावी लागते. नुसत्या आकाराला घाबरायचं नाही आणि नुसत्या आकारावर निर्धास्तही व्हायचं नाही.

आपल्या बाईची गाठ ३.२ सेंटीमीटरची, घट्ट, पण कड गुळगुळीत आणि ठिपके नाहीत: तिसरी श्रेणी. डाव्या बाजूला ६ मिलिमीटरची एक पाण्याची गाठ होती, तिला हात लावायची गरज नव्हती. उजवीला सुई लागणार होती.

तिसरी पायरी ही सुई, एफएनएसी. इंजेक्शनच्या सुईपेक्षाही बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भूल द्यावी लागत नाही, दोन-चार वेळा टोचतात, दहा-पंधरा मिनिटांत बाई घरी जाते. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने किती तरी बाया परत फिरतात. थायरॉईडच्या बारीक सुईने असं होणं अत्यंत दुर्मीळ आहे. सुईला नकार देऊन थेट सुरीला होकार देणं हा उलटा हिशेब आहे.

या बाईची पहिली सुई नुसत्या हाताच्या अंदाजाने लावली. रिपोर्टवर 'बेथेस्डा एक' आलं आणि घरी सांगितलं गेलं, "काही निघालं नाही." नवरा खूश झाला. पण एक याचा अर्थ काचेवर पुरेशा पेशीच आल्या नाहीत, उत्तर मिळालंच नाही. अशा वेळी सोनोग्राफीत बघत पुन्हा सुई लावायची असते. दुसऱ्या खेपेला तसं केलं आणि उत्तर आलं 'बेथेस्डा दोन', म्हणजे साधी गाठ.

हे सहा आकडे प्रत्येक गटाने भिंतीवर लावावेत. एक: उत्तर नाही, सुई पुन्हा. दोन: साधी गाठ, शंभरात तीन-चार वेळाच चूक निघते, म्हणून नजर ठेवायची. तीन: पेशी थोड्या वेगळ्या, नक्की सांगता येत नाही, बहुधा सुई पुन्हा. चार: फॉलिक्युलर गाठ, इथे सुईची मर्यादा येते. गाठीचं आवरण फोडून पेशी बाहेर गेल्या का, यावर कॅन्सर ठरतो आणि सुटय़ा पेशींत आवरण दिसत नाही, म्हणून सहसा ग्रंथीचा तेवढा अर्धा भाग काढून तपासतात. अशा शंभरातल्या तीसेक गाठी कॅन्सरच्या निघतात, बाकीच्या नाही. पाच: दाट संशय. सहा: कॅन्सर, जवळपास नक्की. पाच आणि सहाला शस्त्रक्रियेची तयारी करायची, पण तिथेही अर्धी काढायची की पूर्ण, हा प्रश्न विचारायचाच. पूर्ण ग्रंथी काढली की जन्मभर रोज गोळी लागते, कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथींना धक्का बसू शकतो आणि आवाजाची नस दुखावू शकते. अर्धी काढली तर पुष्कळ जणींना गोळी लागतही नाही.

तपासणी जितकी जास्त तितकं चांगलं, असंही मी म्हणत नाही. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तक्रार नसलेल्या लोकांच्याही गळ्याच्या सोनोग्राफ्या सुरू झाल्या. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं, त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. तेव्हा 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये गळा दाखवायची गरज नाही. पण गाठ भराभर वाढते आहे, आवाज बसला तो सुटत नाही, गिळताना-श्वास घेताना अडतं, गाठ दगडासारखी टणक आहे, बाजूला आणखी गाठी आल्या आहेत, लहानपणी गळ्याला किरणोपचार झाले आहेत किंवा घरात थायरॉईडचा कॅन्सर होता, तर एक आठवडाही थांबू नये. टीएसएच नॉर्मल आहे या कागदावर तर मुळीच विसंबू नये.

सोनोग्राफीच्या यंत्राशी आपल्या चळवळीचं जुनं भांडण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली केंद्राचा झाला. यंत्र नोंदणीकृत हवं आणि गरोदर बाईचा एफ फॉर्म भरायलाच हवा. गळ्याच्या सोनोग्राफीसाठी तो फॉर्म नसतो. 'कायद्याच्या कटकटीमुळे आम्ही गळा बघत नाही' असं कोणत्याही नोंदणीकृत केंद्राने सांगितलं तर ते खोटं कारण आहे, आणि ते आपण ऐकून घेऊ नये. ज्या यंत्रापुढे बाईचं पोट एवढं तपासलं गेलं, त्या यंत्रापुढे तिचा गळाही आला पाहिजे.

म्हणून आमची मागणी ठरलेली आहे. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार असावा. त्या दिवशी गळ्याची सोनोग्राफी आणि तिच्या आधाराने सुई एकाच फेरीत व्हावी, कारण एका फेरीला बाईची एक मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. रिपोर्टवर माप, टायरॅड्सची श्रेणी आणि बेथेस्डाचा आकडा लिहिलेला असावा. तो कागद नवऱ्याच्या नव्हे, बाईच्या हातात द्यावा आणि तिला मराठीत समजावून सांगावा. या कागदाशिवाय शस्त्रक्रियेची तारीख दिली तर ती घेऊ नका.

दर्यापूरच्या त्या बाईची गाठ अजून गळ्यात आहे. वर्षाने एकदा सोनोग्राफी होते आणि मागच्या मापाशी ताडून पाहतात: दोन बाजूंनी पाचव्या हिश्शाने वाढली तर पुन्हा सुई. तेवढी वाढलेली नाही. शस्त्रक्रियेची तारीख तिने स्वतः जाऊन रद्द केली.