इफ्तारीची पुडी आणि केळीचे पान

असरनंतर रावेरच्या रस्त्यावर भजी-मालपुव्याच्या गाड्या लागतात. गरम भजी वर्तमानपत्रात बांधली, की तेलाबरोबर शाईही रोजेदाराच्या पोटात जाते. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनी याला मनाई केली आहे. इकडे घड उतरवल्यावर शिवारात केळीची पाने तशीच पडून राहतात. नुकती फवारणी झालेला बाग टाळून पान आणावे, धुवावे, जाड शीर काढून विस्तवावर क्षणभर फिरवावे. ते चकाकले, की घडी घालताना फाटत नाही. मालपुवा, जिलेबी त्यात चांगली राहते. भजी मात्र वाफेने मऊ पडतात. ती जरा निववावीत, पुडी वरून उघडी ठेवावी. शेव-चिवड्याला ओलसर पान चालत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाने घरूनच डबा आणावा.